डिलीट केलेला फोटो कुठे जातो?

गणपतीच्या दिवसांत एका मंडळाच्या खजिनदाराने वर्गणीच्या वहीच्या पानाचा फोटो आपल्या फेसबुक प्रोफाइलवर टाकला, असं समजू. हिशेब पारदर्शक असावा, एवढाच हेतू. पोस्ट सार्वजनिक. रात्रीत ८४ लाइक आले, २३ कॉमेंट पडल्या, एका काकांनी ती शेअर केली आणि कुणीतरी तिची लिंक मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. सकाळी एका देणगीदाराचा फोन आला: "अहो, नावापुढे आमचे मोबाइल नंबर दिसतायत!" खजिनदाराने पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. पुढे आलेल्या यादीत पोस्ट प्रोफाइलवरून लपवणं, अर्काइव्ह करणं आणि ट्रॅशमध्ये टाकणं असे पर्याय असतात. घाईत तिन्ही सारखेच वाटतात.

आधी लपवण्याचं पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत त्याचीच होते. Hide from profile केल्यावर पोस्ट खजिनदाराच्या प्रोफाइलवर दिसेनाशी होते. तो स्वतः आपलं पान उघडून पाहतो, पोस्ट नाही, सुटलो म्हणतो. पण या पर्यायाने पोस्ट कुणी पाहावी हे बदलत नाही, ती एका ठिकाणच्या यादीतून निघते इतकंच. मूळ पोस्ट सार्वजनिक होती, ती सार्वजनिकच राहते. मित्रांच्या फीडमध्ये ती येऊ शकते, फेसबुकच्या शोधात सापडू शकते, ग्रुपवरच्या लिंकवरून उघडते आणि काकांच्या शेअरमध्ये तर फोटोसकट दिसत राहते. दारावरची पाटी काढली म्हणून घराचा पत्ता बदलत नाही, टपाल येतच राहतं.

त्यात 'हाइड' हा शब्द फेसबुकवर आणखी दोन अर्थांनी येतो. दुसऱ्याची पोस्ट तुम्ही तुमच्या फीडमध्ये लपवली, तर ती फक्त तुमच्यापुरती लपते, बाकीच्यांना काहीच फरक पडत नाही. आणि पेज चालवणाऱ्याने एखादी कॉमेंट लपवली, तर ती इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते. त्यामुळे आपली कॉमेंट लपवली आहे हे लिहिणाऱ्याला कळतसुद्धा नाही. हे मुद्दामच तसं केलं आहे, आणि माझ्या मते बरंही आहे. कॉमेंट उडवली असती तर भांडण वाढलं असतं.

अर्काइव्ह म्हणजे माळ्यावर टाकणं. वस्तू घरातच असते, पाहुण्यांना दिसत नाही. इन्स्टाग्रामवर पोस्टसाठी ही सोय २०१७ मध्ये आली, फेसबुकवर २०२० मध्ये. अर्काइव्ह केलेली पोस्ट फक्त तुम्हाला दिसते. लाइक आणि कॉमेंट तिच्याबरोबर जपल्या जातात, आणि परत बाहेर काढली की इन्स्टाग्रामवर ती आजची म्हणून वर येत नाही, आपल्या जुन्या तारखेच्या जागी जाऊन बसते. म्हणून मध्ये सहा महिने ती गायब होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. व्हॉट्सअॅपमध्ये चॅट अर्काइव्ह करणं मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे ती चॅट फक्त तुमच्या यादीतून बाजूला होते, समोरच्याच्या फोनमध्ये सगळं जागच्या जागी असतं. शब्द एकच, पण एकीकडे माळा तुमचा आणि दुसरीकडे फक्त तुमची नजर.

आता डिलीट. फेसबुकवर पोस्ट आधी ट्रॅशमध्ये जाते आणि तिथे ३० दिवस राहते. तेवढ्यात मन बदललं तर परत आणता येते. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये Recently deleted नावाचं असंच फोल्डर सुरू केलं. तिथेही पोस्टला ३० दिवसांची मुदत आहे. अर्काइव्हमध्ये न ठेवलेल्या स्टोरीला मात्र फक्त २४ तास. ही सोय मुख्यतः खातं हॅक होण्याच्या भीतीने आली: कुणी आत शिरून वर्षांचे फोटो उडवले, तर मालकाला ते परत मिळावेत. म्हणजे 'डिलीट' दाबल्यावर पहिला महिनाभर पोस्ट पुसलेली नसते, फक्त तुमच्याशिवाय कुणाला दिसत नसते. थोडक्यात, मुदत घातलेलं अर्काइव्हच. खरंच लगेच पुसायचं असेल, तर त्या ट्रॅशमध्ये किंवा फोल्डरमध्ये जाऊन दुसऱ्यांदा डिलीट करावं लागतं. बहुतेक जण हे करत नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला अर्काइव्ह आणि डिलीट यांतला फरक ओळखता येत नाही. जुनी लिंक उघडली की फेसबुक एकच निरोप देतं: हा मजकूर सध्या उपलब्ध नाही. त्याखाली कारणांची शक्यता एका दमात सांगितलेली असते, की मालकाने तो मोजक्याच लोकांना दाखवला असेल, कोण पाहू शकतं हे बदललं असेल किंवा तो डिलीट झाला असेल. इन्स्टाग्रामही असाच मोघम निरोप देतं. 'या व्यक्तीने हे काढून टाकलं' असं लिहून टाकलं असतं, तर काढण्याचीच चर्चा झाली असती. व्हॉट्सअॅपचं 'डिलीट फॉर एव्हरीवन' वापरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मेसेज जातो, पण तो डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि "काय होतं रे?" हा प्रश्न हमखास येतो.

३० दिवस संपल्यावर यंत्रांच्या पातळीवर काय होतं, ही खरी मजेदार गोष्ट आहे. फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१० मध्ये आपल्या फोटो साठवणीच्या 'हेस्टॅक' या व्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला. त्या वेळी तिथे २६० अब्ज प्रतिमा होत्या, कारण प्रत्येक फोटो चार आकारांत ठेवला जाई. सुट्या फायली हाताळायला वेळ लागतो, म्हणून असंख्य फोटो एकामागे एक जोडून सुमारे १०० गिगाबाइटची एक अजस्र फाइल केली जाई. आता त्यातला मधलाच एक फोटो डिलीट करायचा म्हणजे पुढचं सगळं सरकवायचं? तसं करत नसत. फोटोच्या नोंदीवर 'हा डिलीट झाला' अशी खूण केली जाई, बस. मागितला तर मिळत नसे, पण त्याचे बिट डिस्कवर तसेच पडून असत. पुढे कधीतरी ती अख्खी फाइल नव्याने उतरवली जाई आणि तेव्हा खुणा केलेले फोटो वगळले जात. जुन्या खतावणीतल्या खोडलेल्या ओळी नव्या वहीत उतरवत नाहीत, तसंच. त्याच निबंधात एक आकडा आहे: वर्षभरात सुमारे २५ टक्के फोटो डिलीट होतात. चारातला एक! लोक टाकतात तितक्याच हिरिरीने काढतातही.

फारसे न पाहिले जाणारे जुने फोटो पुढे 'एफ४' नावाच्या दुसऱ्या साठवणीत जाऊ लागले. तिथल्या मोठ्या फायली एकदा भरल्या की कुलूपबंद, त्यांत काहीच बदलायचं नाही. मग डिलीट कसं करायचं? प्रत्येक फोटो त्याच्या स्वतःच्या किल्लीने सांकेतिक करून ठेवायचा आणि डिलीट करताना वेगळ्या जागी ठेवलेली फक्त ती किल्ली नष्ट करायची. पेटी तिथेच राहते, पण ती उघडणं कुणालाच शक्य नसतं. मला ही युक्ती फार आवडते.

पण साठवणीत पुसलं म्हणजे सगळीकडे पुसलं असं नाही. फोटो लवकर दिसावेत म्हणून त्यांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ सोशल साइटवर फोटो चढवले, प्रत्येक फोटोच्या फाइलचा थेट पत्ता टिपून ठेवला आणि मग फोटो डिलीट केले. ३० दिवसांनी तेच पत्ते उघडून पाहिले, तर ७ साइटवर फोटो अजून दिसत होते. त्यांत फेसबुकही होतं. पोस्ट गेली होती, पान गेलं होतं, पण फाइल जिवंत होती. फेसबुकची ही गळती बंद व्हायला २०१२ उजाडलं. आता फोटोच्या थेट पत्त्यात मुदतही घातलेली असते. इन्स्टाग्रामवरचा फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडला, तर लांबलचक पत्त्यात असा एक तुकडा दिसतो:

```
oe=68000000
```

ही सोळाच्या पायातली संख्या आहे आणि १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. वरच्या आकड्याचा अर्थ आपल्या वेळेने १७ एप्रिल २०२५, रात्री १२ वाजून ३७ मिनिटं. ती वेळ टळली की हा पत्ता चालत नाही. पण मुदतीच्या आत असा पत्ता कुणाच्या हाती लागला असेल, तर नुसती पोस्ट अर्काइव्ह केल्याने तो त्या क्षणी मरेल, यावर मी भिस्त ठेवणार नाही.

कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात आणि बॅकअपमधल्या प्रती त्यानंतरही काही काळ राहू शकतात. कायद्याचाही एक कोपरा आहे. आदेशावरून किंवा तक्रारीवरून कंपनीनेच पोस्ट काढली, तर भारतातल्या २०२१ च्या नियमांनुसार ती पुरावा म्हणून १८० दिवस जपावी लागते. लोकांना दिसत नाही, पण असते.

आता खजिनदाराकडे परत येऊ. त्याने शहाणपणाने पोस्ट डिलीट केली आणि ट्रॅशमधूनही काढली. तिच्याखालच्या २३ कॉमेंट तिच्याबरोबर गेल्या, कारण त्या त्या पोस्टच्या पोटातल्या. काय कशाबरोबर जावं हे फेसबुकमध्ये नोंदीगणिक ठरवून ठेवलेलं असतं: पोस्टबरोबर कॉमेंट जाते, कॉमेंट करणाऱ्याचं खातं अर्थातच जात नाही. काकांचा शेअर मात्र काकांची स्वतंत्र पोस्ट आहे. तिच्यातला फोटो गेला, 'उपलब्ध नाही' असा करडा चौकोन उरला, काकांनी वर लिहिलेलं वाक्य राहिलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंकसोबत लहानसं चित्र आलं असेल, तर तेही राहिलं, कारण ते चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन मेसेजबरोबरच सगळ्यांकडे गेलं होतं. फेसबुकवर काहीही पुसलं तरी त्याला हात लागत नाही. स्क्रीनशॉट काढणाऱ्यांचं तर विचारूच नका.

खजिनदाराने लॉगिन न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये जुनी लिंक उघडून पाहिली. काही दिसलं नाही. मग त्याने काकांची पोस्ट उघडली. करड्या चौकोनाखाली काकांच्या एका मित्राची कॉमेंट होती: "जोशींचा नंबर बरेच दिवस शोधत होतो, धन्यवाद." आणि त्याखाली, सोयीसाठी, तो नंबर टाइप केलेला.