लाक्षणिक त्रिघाती समीकरणाची मुळे: चिन्हबदल आणि द्विभाजन

३×३ सारणीची आयगेन मूल्ये काढताना det(A − λI) = ० मांडले की λ चे त्रिघाती समीकरण मिळते. त्याला लाक्षणिक समीकरण म्हणतात. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत त्याचे एखादे मूळ पूर्णांक निघते, मग भागाकार करून उरलेले वर्गसमीकरण सोडवता येते. प्रत्यक्ष कामातल्या सारण्या इतक्या सोयीच्या नसतात. परिमेय मूळ नसेल तर चिन्हबदल पाहून मूळ कोणत्या अंतरालात आहे हे ठरवायचे आणि ते अंतराल निम्मे-निम्मे करत जायचे, ही सर्वांत भरवशाची रीत आहे.

समान वस्तुमानाचे आणि समान ताठरतेचे तीन मजले असलेल्या इमारतीच्या आडव्या कंपनांचा विचार करू. एकके सोयीची घेतल्यास तिच्या सारणीच्या ओळी (२, −१, ०), (−१, २, −१), (०, −१, १) अशा येतात आणि लाक्षणिक बहुपदी अशी मिळते:

p(λ) = λ³ − ५λ² + ६λ − १

अग्रसहगुणक १ असल्याने परिमेय मूळ असलेच तर ते पूर्णांक असेल आणि स्थिर पदाला भागेल. म्हणजे +१ आणि −१ एवढेच तपासायचे. p(१) = १ आणि p(−१) = −१३, म्हणून परिमेय मूळ नाही. सारणी सममित असल्याने तिन्ही मुळे वास्तव आहेत हे मात्र आधीच ठाऊक आहे. गंमत अशी, की नेमक्या याच परिस्थितीत कार्डानोच्या सूत्रात संमिश्र संख्यांची घनमुळे येतात आणि ती टाळता येत नाहीत. उत्तर वास्तव असूनही सूत्र हाताने वापरण्याजोगे राहत नाही.

λ ऋण असेल तर p(λ) ची चारही पदे ऋण होतात, म्हणून ऋण मूळ नाही. ० पासून पुढे किमती काढल्या तर p(०) = −१, p(१) = १, p(२) = −१, p(३) = −१, p(४) = ७. बहुपदी संतत असते, त्यामुळे चिन्ह बदलले की मधे मूळ असतेच. बोल्झानोने १८१७ साली या विधानाची सिद्धता दिली. येथे ० ते १, १ ते २ आणि ३ ते ४ या तीन अंतरालांत एकेक मूळ सापडले.

आता पहिले अंतराल घेऊ. p(०.५) = ०.८७५ धन आहे आणि p(०) ऋण होते, म्हणून मूळ डाव्या अर्ध्यात आहे. p(०.२५) ≈ ०.२०३ हीही धन. p(०.१२५) ≈ −०.३२६ ऋण येते, तेव्हा मूळ ०.१२५ आणि ०.२५ यांच्या मधे अडकले. पुढे ०.१८७५ ला ऋण, ०.२१८७५ ला धन, ०.२०३१२५ ला धन आणि ०.१९५३१२५ ला ऋण. सात पायऱ्यांनंतर अंतरालाची लांबी १/१२८ उरते आणि त्याचा मध्य साधारण ०.१९९२ आहे. खरी किंमत ०.१९८०६. दर पायरीला किमतीचे फक्त चिन्ह लागते, आकडा किती मोठा याला महत्त्व नाही. दहा पायऱ्यांत लांबी १,०२४ पटीने घटते, म्हणजे सुमारे तीन दशांश स्थळे पदरात पडतात. वेग कमीच आहे, पण त्रुटी किती हे आधीच सांगता येते.

उरलेली मुळे १.५५५० आणि ३.२४७० येतात. तीही द्विभाजनानेच काढावीत. आसन्न मुळाने भागून वर्गसमीकरण केले तर पहिल्या मुळाची त्रुटी पुढच्या दोन्हींत उतरते. शेवटी तिन्हींची बेरीज सारणीच्या मुख्य कर्णाच्या बेरजेशी, म्हणजे ५ शी, ताडून पाहावी. द्विभाजन चुकीच्या समीकरणाचेही मूळ तितक्याच निमूटपणे देते. निर्धारक उलगडताना λ² चा सहगुणक चुकला असेल तर तो याच तपासणीत उघडा पडतो.

चिन्हांच्या तक्त्यातून मुळे निसटू शकतात. λ³ − ७λ + ७ ला परिमेय मूळ नाही. १ आणि २ या दोन्ही ठिकाणी त्याची किंमत १ आहे, तरी p(१.५) = −०.१२५. म्हणजे एकाच घरात दोन मुळे दडली आहेत. तीन वास्तव मुळे अपेक्षित असताना तक्त्यात एकच दिसले, तर p′(λ) = ० सोडवून वळणबिंदू काढावेत आणि तिथली किंमत पाहावी. येथे वळणबिंदू √(७/३) ≈ १.५३ आहे. वक्र अक्षाला नुसता टेकून परत फिरेल, ही भीती मात्र येथे नाही. सहगुणक परिमेय असलेल्या त्रिघातीला दुहेरी मूळ असेल तर ते परिमेयच असते, आणि परिमेय मूळ नाही हे आपण आधीच तपासलेले असते.

आयगेन सदिश काढताना आणखी एक अडचण येते. ०.१९८१ ही किंमत सारणीत घातली की निर्धारक नेमका शून्य होत नाही आणि तिन्ही समीकरणे एकत्र सोडवल्यास शून्य सदिशच हाती येतो. म्हणून एक समीकरण बाजूला ठेवावे. पहिल्या मजल्याचे विस्थापन १ घेतल्यास पहिल्या ओळीवरून दुसऱ्याचे २ − λ ≈ १.८०२ आणि तिसऱ्या ओळीवरून वरच्याचे १.८०२ ÷ ०.८०१९ ≈ २.२४७ येते. वगळलेल्या मधल्या ओळीत या किमती घातल्या की उरणारी बाकी शून्याच्या किती जवळ आहे, त्यावरून λ ला आणखी पायऱ्या हव्यात का ते कळते.