टायटल बारचा रंग आणि मागून डोकावणारी अक्षरं: विंडोजमधल्या सजावटीची पार्श्वभूमी

टायटल बारच्या रंगाकडे आज आवडीनिवडीची बाब म्हणून पाहिलं जातं. सुरुवातीला मात्र त्या रंगाकडे एक ठरलेलं काम होतं. पडद्यावर चार विंडो उघड्या असतील, तर कीबोर्डवर टाइप केलेलं कुठे उमटणार हे तो सांगायचा. विंडोज ९५मध्ये चालू विंडोची पट्टी गडद निळी आणि तिच्यावरचं नाव पांढरं असे. बाकीच्या विंडोंच्या पट्ट्या राखाडी असत आणि त्यांची नावंही फिकट राखाडी. उजेडातला फरक मोजण्याच्या आजच्या पद्धतीने पाहिलं, तर गडद निळ्यावरचं पांढरं अक्षर सोळास एक इतक्या तफावतीने उठून दिसतं. राखाडीवरचं फिकट अक्षर जेमतेम दोनास एकवर येतं. मागे पडलेली विंडो मुद्दाम मंद ठेवलेली होती आणि नजर चुकायला फारशी जागाच नव्हती.

ही मोजणी इथे पुन्हा पुन्हा लागणार आहे, म्हणून ती आधी पाहू. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजेड शून्य ते एक या मापात काढायचा, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचं. काळ्यावर पांढऱ्याचं उत्तर २१ येतं, म्हणजे सर्वात जास्त. वेबवरच्या सुगम्यतेच्या २००८च्या नियमावलीने साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ही रेघ आखली. ती वेबसाठी असली तरी डेस्कटॉपवरही उपयोगी पडते.

पट्टी एकाच रंगाने भरलेली असेल तोवर हा प्रश्न सुटलेला असतो. रंग कोणताही घ्या, काळं किंवा पांढरं यापैकी एक अक्षर त्यावर ४.५च्या वर जातंच. अगदी अडचणीच्या मधल्या छटेवरही दोन्ही अक्षरं ४.५८वर येऊन थांबतात, त्याखाली दोन्ही एकदम कधीच जात नाहीत. विंडोजच्या रंगपटातला सोनेरी पिवळा, `#FFB900`, घेऊन पाहा. त्यावर पांढरं अक्षर १.७वर कोसळतं, तर काळं १२च्या पुढे जातं. म्हणजे प्रणालीने अक्षराचा रंग नीट निवडला की काम झालं. पट्टीच्या मागे काय आहे हेच ठाऊक नसेल, तेव्हा मात्र ही हमी उरत नाही.

ती वेळ विंडोज व्हिस्टाने आणली. ३० जानेवारी २००७ला ग्राहकांपर्यंत पोचलेल्या या आवृत्तीत एअरो ग्लास होतं. विंडोच्या कडा काचेसारख्या झाल्या आणि मागचं सगळं धूसर होऊन त्यांतून दिसू लागलं. त्याआधी प्रत्येक प्रोग्राम आपला भाग थेट पडद्यावर रंगवत असे. आता सगळ्या विंडो आधी ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत वेगळ्या रंगवल्या जायच्या आणि `dwm.exe` हा प्रोग्राम त्यांची एकावर एक जुळणी करायचा. मागचं चित्र हाताशी आल्यामुळेच ते धूसर करून पुढच्या विंडोच्या कडेत दाखवणं शक्य झालं.

काचेवर नाव लिहायचं, पण काचेमागे पांढरा दस्तऐवज असेल की काळा फोटो हे आधी कळत नाही. व्हिस्टा घडवणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. त्यांनी काळ्या अक्षरांच्या मागे पांढरट धुक्याचा एक ढग ठेवला. मजकूर रंगवणाऱ्या `DrawThemeTextEx` या फंक्शनमध्ये त्या ढगाचा आकार सांगण्यासाठी वेगळी जागाच होती. काच कितीही पारदर्शक असू दे, अक्षर ज्याला टेकतं तो तुकडा कायम उजळ राहायचा. विंडो पूर्ण पडदाभर केली की व्हिस्टा ती काच गडद आणि अपारदर्शक करून टाकत असे. पारदर्शकता कुठे थांबवायची याचा विचार तेव्हाच झालेला होता.

मे २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८मधून काच काढत असल्याचं सांगितलं आणि पट्ट्या पुन्हा सपाट, एकरंगी झाल्या. २९ जुलै २०१५ला विंडोज १० आलं, तेव्हा सपाटपणा टोकाला गेला होता. सगळ्या टायटल बार पांढऱ्या होत्या, चालू विंडोचीही आणि मागच्यांचीही. फरक उरला तो नावाच्या काळ्या-करड्या छटेत आणि कडेच्या बारीक रेघेत. ९५पासून रंगाकडे असलेलं काम या आवृत्तीने काढून घेतलं आणि माझ्या मते ती उघड चूक होती. लोकांनी थीमच्या फाइली बदलून रंग परत मिळवायच्या युक्त्या शोधल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या १५११ या आवृत्तीत रंगीत पट्ट्यांचा पर्याय अधिकृतपणे आला.

आज ती सोय `Settings > Personalization > Colors` इथे मिळते. `Accent color` खाली एक रंग निवडायचा, किंवा तो वॉलपेपरवरून आपोआप घ्यायला सांगायचं. आपोआप घेतलेला रंग वॉलपेपर बदलला की बदलतो, त्यामुळे पट्टीच्या रंगावरून विंडो ओळखायची सवय असेल तर तो हातानेच ठरवलेला बरा. निवडलेला रंग लगेच टायटल बारवर चढत नाही, आधी बटणांवर आणि निवडींवर दिसतो. पट्टीसाठी विंडोज ११मध्ये त्याच पानावर `Show accent color on title bars and windows borders` चालू करावं लागतं. टास्कबार रंगवायचा पर्याय वेगळा आहे आणि लाइट मोडमध्ये तो करडा होऊन बसतो. तो बिघडलेला नसतो. मोड `Dark` किंवा `Custom` करून विंडोजचा भाग गडद ठेवला की तो पर्याय वापरता येतो.

ही सोय चालू केली तरी रंग फक्त चालू विंडोला मिळतो आणि लाइट मोडमध्ये मागच्या पांढऱ्याच राहतात. फरक कळायला बहुतेकांना एवढं पुरतं. मोठ्या पडद्यावर पांढऱ्या पानांमध्ये पांढऱ्या पट्ट्या मिसळून जात असतील, तर मागच्या विंडोंसाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, खालची आज्ञा टर्मिनलमध्ये चालवून एक नोंद करता येते. तिच्यासाठी सेटिंग्जमध्ये बटण नाही.

```
reg add HKCU\Software\Microsoft\Windows\DWM /v AccentColorInactive /t REG_DWORD /d 0xffe0d4c8 /f
```

इथे हमखास फसायला होतं. हा रंग वेबच्या पद्धतीने लिहायचा झाला तर `#C8D4E0`, म्हणजे फिकट निळसर राखाडी. रजिस्ट्रीत मात्र क्रम उलटा असतो: आधी `ff`, मग निळा, हिरवा आणि शेवटी लाल. वेबवरचा कोड जसाच्या तसा टाकला तर निळसरऐवजी पिवळट छटा मिळते आणि काय चुकलं ते कळत नाही. मागच्या विंडोचं नाव आधीच मंद असतं, म्हणून इथे गडद रंग घेऊ नये. रंग लावल्यावर नाव वाचता येत नसेल, तर तीच नोंद पुसली की सगळं पूर्ववत होतं.

पारदर्शकता २०१७मध्ये ॲक्रिलिक या नावाने परतली आणि या वेळी जरा सावधपणे. मागचं चित्र खूप धूसर करायचं, त्यावर रंगाचा थर द्यायचा आणि वर बारीक रवाळ पोत. विंडो मागे गेली, बॅटरी वाचवण्याची सोय चालू झाली किंवा उच्च तफावतीची थीम लावली की ॲक्रिलिकच्या जागी साधा भरीव रंग येतो. विंडोज ११मधलं माइका त्याहून शांत आहे. ते मागच्या विंडो दाखवतच नाही. फक्त वॉलपेपरची छटा एकदा उचलून पार्श्वभूमीत मिसळतं. त्यामुळे माइकाने वाचायला त्रास होण्याची शक्यता कमी. त्रास होतो तो मजकुराच्या थेट मागे खरी पारदर्शकता ठेवली की, आणि त्याचं सर्वात बोलकं उदाहरण म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम, विंडोज टर्मिनल.

टर्मिनलच्या मूळ रंगसंगतीत पार्श्वभूमी `#0C0C0C` आणि अक्षरं `#CCCCCC` असतात. तफावत १२च्या वर, म्हणजे निवांत. आता `Ctrl+Shift` दाबून माउसचं चाक फिरवलं की पार्श्वभूमी पातळ होत जाते. मागे पांढरं पान उघडं आहे असं धरू, कारण तीच सर्वात वाईट स्थिती. अपारदर्शकता ८०वर आणली की तफावत साधारण ६.८ उरते आणि वाचायला काही अडत नाही. ७०वर ती ४.६ होते, म्हणजे रेघेच्या जेमतेम वर. ५०वर २.३. आता अक्षरं दिसतात, पण ती वाचायला डोळे ताणावे लागतात.

हा हिशेब झाला साध्या राखाडी अक्षरांचा. त्याच रंगसंगतीतला गडद निळा, `#0037DA`, काळ्यावरही जेमतेम २.४ मिळवतो. ७०वर, मागे पांढरं पान असताना, त्याची तफावत १.१ होते. म्हणजे निळ्या अक्षरांतली ओळ पडद्यावर असते आणि तरी दिसत नाही. आउटपुटमधून मधलेच शब्द गाळल्यासारखे वाटले, तर आधी मागची विंडो हलवून पाहा. शब्द परत दिसले तर दोष प्रोग्रामचा नव्हे, पारदर्शकतेचा.

परीक्षाही अशीच घ्यायची असते. सुंदर गडद वॉलपेपरवर विंडो ठेवून पारदर्शकता ठरवली तर ती नेहमीच छान दिसते. तीच विंडो पांढऱ्या दस्तऐवजावर न्या आणि मागचं पान सरकवा. सरकताना अक्षरांचा ठसठशीतपणा कमी-जास्त होत असेल, किंवा मागच्या ओळी पुढच्या ओळींत गुंतत असतील, तर ती पातळी जास्त आहे. दुसऱ्या त्रासावर धूसरपणा इलाज करतो, कारण मागची अक्षरं विरघळतात. पहिल्यावर त्याचा उपयोग नाही, कारण पांढरं पान धूसर केलं तरी पांढरंच राहतं. टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये `"useAcrylic": true` लिहून `"opacity"` ५०च ठेवली, तर गुंता जाईल पण फिकेपणा तसाच राहील.

विंडोजच्या स्वतःच्या भागांची पारदर्शकता एकदम बंद करायची असेल, तर `Settings > Accessibility > Visual effects` मध्ये `Transparency effects` बंद करावं. टास्कबार, स्टार्ट मेनू आणि लॉगिनच्या पडद्यामागचं धूसर चित्र, तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. अ‍ॅक्सेंट रंग तसाच राहतो, त्यामुळे चालू विंडो ओळखायची खूण हातची जात नाही. काही प्रोग्राम आपली पट्टी स्वतःच रंगवतात, बरेच ब्राउझर त्यांतलेच. त्यांच्यावर रंगाची निवड पोचेलच असं नाही, आणि पोचली नाही तर त्या त्या प्रोग्रामच्या थीममध्येच जावं लागतं.