पुडा बदलला म्हणून सुटला?

“आमचं नाव चोरलं, इन्फ्रिंजमेंटची केस टाका,” असं म्हणत लोक येतात. ट्रेडमार्कची नोंदणी विचारली की शॉप ॲक्टचा कागद पुढे करतात. तो ट्रेडमार्क नव्हे! नोंदणी नसेल तर ट्रेडमार्क कायदा, 1999च्या कलम 27 प्रमाणे इन्फ्रिंजमेंट, म्हणजे नोंदलेल्या नावाच्या हक्काचा भंग झाल्याचा दावा, चालतच नाही. पासिंग ऑफ, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा भासवून खपवल्याचा दावा, मात्र चालतो. एवढं सांगितलं की बहुतेकांना कळतं. घोळ होतो तो पुढे.

समजा, नंदुरबारचा एक जण लाल पुड्यात ‘मोरवंती’ मिरची पूड विकतो. शिरपूरचा दुसरा ‘मोरवती’ आणतो, पण हिरव्या पुड्यात, वर स्वतःच्या फर्मचं नाव ठळक. विकणारा म्हणतो, “सगळंच वेगळं आहे, फसेल कोण?”

‘मोरवंती’ नोंदलेलं असेल तर हा बचाव फारसा टिकत नाही. इन्फ्रिंजमेंटमध्ये नावाची तुलना नावाशी होते. नावाचा गाभा उचलला असेल, तर पुड्याचा रंग आणि वरचं फर्मचं नाव गौण. सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली दुर्गा दत्त शर्मा विरुद्ध नवरत्न फार्मास्युटिकल या निकालात हेच सांगितलं. नोंदणी नसेल तर त्याच हिरव्या पुड्याला वजन येतं, कारण पासिंग ऑफमध्ये गिऱ्हाईक अख्खा माल पाहून फसेल का, हा प्रश्न असतो. वेगळेपण पुरेसं ठरलं तर शिरपूरवाला सुटू शकतो. शिवाय नंदुरबारवाल्याला बाजारातली पत सिद्ध करावी लागते: जुनी बिलं, विक्रीचे आकडे, जाहिराती. बिलं न जपणाऱ्यांची मला कीव येत नाही.

आता नावं फसवी सारखी आहेत का? इथे लोक दोन्ही पुडे टेबलावर शेजारी ठेवून फरक मोजतात, आणि मला तेच खटकतं. गिऱ्हाईक असं कधी पाहतं का? मागच्या महिन्यात घेतलेल्या पुड्याची पुसट आठवण घेऊन ते बाजारात येतं आणि “ती मोरवंती द्या हो” म्हणतं. म्हणून नाव अख्खं, पाहून आणि ऐकून तपासायचं, तेही साधारण अकलेच्या, अर्धवट आठवणीच्या माणसाच्या डोक्याने. 1962 साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही नावं याच कसोटीवर सारखी ठरली. ‘धारा’ तेवढं सामाईक, बाकी वेगळं, असे तुकडे न्यायालयाने पाडले नाहीत. आपल्या उदाहरणात तर एका अनुस्वाराचाच फरक आहे, आणि बाजाराच्या गलक्यात तो ऐकू येणं कठीण.

उलटही होतं. शिरपूरवाल्याने आधी नोंदणी उरकली, पण नंदुरबारवाला त्याच्या अर्जाच्या आणि वापराच्याही आधीपासून सलग विकतोय, तर कलम 34 त्याला राखतं. शिरपूरवाल्याचं नोंदणीपत्र भिंतीवर असलं, तरी त्याच्यावर पासिंग ऑफचा दावा लागू शकतो.