ट्रान्सलेट केलं की टोमणा हरवतो

"मिक्स भाषेतले रिव्ह्यू आधी इंग्रजीत ट्रान्सलेट केले की सेंटिमेंट, म्हणजे ग्राहक खूश आहे की नाराज, ते बरोबर येतं ना?"

नाही हो, टोमणा तर तिथेच हरवतो. समजा दादरच्या एखाद्या पोळीभाजी केंद्राला कुणी लिहिलं, "वा, काय फास्ट सर्व्हिस, डेढ घंटे में आया, आमटी पण मस्त थंडगार, मानलं बुवा!" आपल्याला लगेच कळतं की माणूस वैतागलाय, पण सेंटिमेंट ओळखणाऱ्या AI मॉडेलला दिसतात वा, फास्ट, मस्त, मानलं, म्हणजे पॉझिटिव्ह. 'थंडगार' शब्द मुळात वाईट नाहीच, ताकाला तर ती तारीफ आहे, वाईट आहे ते आमटी थंड असणं, आणि हे मॉडेलला माहीत पाहिजे. त्यात ट्रान्सलेशनमध्ये 'बुवा' गळून पडतो, ज्याच्यात अर्धा टोन होता.

मिक्स मजकुरावरच ट्रेन केलेलं मॉडेल भाषांची सरमिसळ नीट पकडतं, पण टोमण्यात तेही चुकतं. म्हणून मी सांगेन, मॉडेल पॉझिटिव्ह म्हणतंय पण स्टार 1 किंवा 2 आहेत असे रिव्ह्यू वेगळे काढा आणि स्वतः वाचा, बरेचसे टोमणे तिथेच सापडतात. काहीजण मात्र टोमणा मारून वर 5 स्टारही देतात, ते या चाळणीतून सुटतात, त्यामुळे 5 स्टारवाले पण थोडे वाचाच.