टीबीला चार औषधं एकदम कशाला?

किसननगरला आमच्या मजल्यावर राहणारा, वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा मुलगा टीबीच्या औषधांच्या दुसऱ्याच दिवशी घाबराघुबरा होऊन आला, "ताई, लघवी लालसर होतेय, किडनी गेली का हो?" शेजारच्या काकूंनी तोवर "गोळ्या गरम पडल्या, बंद कर" सांगूनही टाकलेलं. तो रंग रिफाम्पिसिनचा, ते औषधच लाल आहे, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा केशरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि उष्णतेचा तर संबंधच नाही. मग त्याने विचारलं, एक स्ट्राँग औषध का देत नाहीत, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल अशी चार कशाला?

आता हिशोब बघा. फुप्फुसात टीबीने पोखरलेल्या एका पोकळीत साधारण 10 कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू, औषध न घेताही, अंदाजे 10 लाखांत एक आपोआप तयार होतो. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकी सगळे मरतात, शंभरेक उरतात आणि तेच वाढतात. 1948 साली ब्रिटनमध्ये एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा हेच दिसलं, पेशंट आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांचे जंतू औषधाला पुरून उरले. रिफाम्पिसिनला चकवणारा साधारण 10 कोटींत एक. दोघांनाही एकदम चकवणारा हवा असेल तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा, एकावर चौदा शून्यं, आणि एवढे जंतू शरीरात नसतातच!

मला सगळ्यात आवडतं ते आयसोनियाझिड. गोळीत ते निष्क्रिय असतं. जंतूच्या आत कॅटजी नावाचं एन्झाइम असतं, ते या औषधाला चालू करतं, आणि चालू झालेलं औषध जंतूच्या मेणचट भिंतीचं, म्हणजे मायकोलिक अ‍ॅसिडचं, बांधकाम थांबवतं. म्हणजे जंतूच स्वतःच्या हाताने बॉम्बची पिन काढतो. म्हणून कॅटजी बिघडलेला जंतू वाचतो, कारण पिन काढणाराच गायब, पण त्याला रिफाम्पिसिन गाठतं, ते वेगळ्याच ठिकाणी, आरएनए बनवणाऱ्या यंत्रावर बसतं.

पायराझिनामाइड पहिले दोन महिनेच असतं, आम्लयुक्त जागेत सुस्त पडलेले जंतू ते मारतं, आणि सहा महिन्यांत कोर्स आटपतो तो याच्या नि रिफाम्पिसिनच्या जोरावर. खोकला मात्र त्याआधीच थांबतो, आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात, सुस्त जंतू मागे राहतात, पुढे परत उठतात.

त्रास होतो तो खरा. पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखतात. आयसोनियाझिडने पायाला मुंग्या येतात, त्यासाठी बी6 देतात. इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखता येईनासा झाला तर लगेच डॉक्टर गाठायचा. आणि इथॅम्ब्युटॉल सोडून बाकी तिघं लिव्हरला त्रास देऊ शकतात. म्हणून त्या मुलाला सांगितलंय, लघवीचा रंग नको बघू, रोज आरशात डोळ्याचं पांढरं बघ, ते पिवळं दिसलं किंवा जेवण नकोसं होऊन उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पण काकूंच्या सांगण्यावरून एकही गोळी चुकवू नको.