छायाचित्रात टिकली लावणे

आधीच टिपलेल्या छायाचित्रातील कपाळावर कुंकू, टिकली किंवा चंद्रकोर मागाहून उमटवण्याचे काम. फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ‘तेवढी एक टिकली लावून द्या’ एवढ्याच शब्दांत ते सांगितले जाते. अल्बमच्या नेमक्या त्याच फोटोत घामाने टिकली निसटलेली नवरी, किंवा ओळखपत्रावरून मोठा करून भिंतीवर लावायचा आजीचा फोटो, ही नेहमीची गिऱ्हाइके. लाल ठिपका काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. तो कपाळावर आहे असे वाटायला मात्र त्याचे माप, कल आणि त्यावरचा उजेड, तिन्ही जुळावे लागतात. यातले एक जरी चुकले तर ठिपका फोटोच्या कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो.

माप डोळ्याने अजमावले की टिकली बहुधा मोठी होते, कारण काम करताना चित्र पडद्यावर खूप जवळ आणलेले असते. त्यावर चांगला उपाय चेहऱ्यातच आहे. प्रौढ माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण ११.८ मि.मी. असते आणि माणसागणिक ती फारच थोडी बदलते. समजा, नऊवारी नेसलेल्या एका बाईंचा फोटो आहे. त्यांनी मान सुमारे ३० अंश वळवली आहे, पण नजर कॅमेऱ्याकडे आहे. बुबुळाची रुंदी मोजली तर ४७ पिक्सेल भरते, म्हणजे एका मिलिमीटरला जवळपास ४ पिक्सेल. त्यांची रोजची टिकली ८ मि.मी.ची असेल तर फोटोत ती ३२ पिक्सेल उंच हवी. नजर बाजूला असेल तर बुबुळ अरुंद दिसते आणि हे माप फसते. अशा वेळी कॅमेऱ्याकडे जास्त वळलेला डोळा घ्यावा.

जागा ठरवताना एक चूक हमखास होते. दोन्ही भुवयांच्या आतल्या टोकांमधले अंतर पडद्यावर मोजून त्याचा मध्य धरला जातो. समोरून काढलेल्या फोटोत हे चालते. मान वळलेली असताना भुवयांमधला उंचवटा पुढे आलेला असल्यामुळे चेहऱ्याची खरी मध्यरेषा पलीकडच्या बाजूला सरकते आणि मोजून लावलेली टिकली जवळच्या भुवईकडे ओढल्यासारखी दिसते. म्हणून नाकाचा कणा, वरच्या ओठावरची पन्हळ आणि हनुवटीचा मध्य यांवरून एक हलकी रेषा वेगळ्या लेयरवर काढावी. ती सरळ नसेल, किंचित वाकेल. तशीच वर कपाळापर्यंत न्यावी आणि काम झाल्यावर तो लेयर पुसून टाकावा.

आता कपाळाचा बाक. बहुतेक जण फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Warp` उघडून टिकलीला फुग्यासारखा बाक देतात आणि काम बिघडवतात. कपाळाच्या आडव्या गोलाईची त्रिज्या ८ सें.मी. धरली, तर ८ मि.मी.ची टिकली त्या गोलाईचा जेमतेम ६ अंशांचा तुकडा व्यापते. इतक्या लहान तुकड्यावर कपाळ सपाटच मानावे. छोटी टिकली वाकत नाही, ती कलते. कललेले वर्तुळ लंबवर्तुळ दिसते. मान ३० अंश वळली असेल तर त्याची रुंदी मूळच्या ०.८७ पट होते, ४५ अंशांना ०.७१ पट. म्हणजे वरच्या फोटोतल्या टिकलीची उंची ३२ आणि रुंदी २८ पिक्सेल. चार पिक्सेलचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण पूर्ण गोल टिकली लावून पाहिली की वळलेल्या चेहऱ्यावर ती कॅमेऱ्याकडे रोखून बघते आहे असे वाटते. डोके खांद्याकडे झुकले असेल तर डोळे जोडणारी रेषा जितकी तिरपी, तितकेच लंबवर्तुळही फिरवायचे. हनुवटी वर उचललेली असेल तर कपाळ मागे झुकते, तेव्हा रुंदी तशीच ठेवून उंची कमी करायची. जुन्या पद्धतीने भुवयांच्या बऱ्याच वर लावलेल्या कुंकवाला हे जास्त लागू पडते, कारण तिथून कपाळ मागे वळायला सुरुवात होते.

बाक खरोखर लागतो तो मोठ्या कुंकवाला. अडीच सें.मी.चे ठसठशीत कुंकू त्याच कपाळाचे सुमारे १८ अंश व्यापते. समोरून पाहताना त्यानेही फरक पडत नाही. मान ४५ अंश वळली की मात्र जवळचा अर्धा भाग पलीकडच्या अर्ध्यापेक्षा स्पष्ट रुंद दिसतो. दोघांचे प्रमाण १०० ला ८५ च्या आसपास येते. नुसते लंबवर्तुळ इथे पुरत नाही, आकार थोडा अंड्यासारखा करावा लागतो. इथे `Warp` वापरावे, पण फक्त पलीकडची कड आत ढकलण्यापुरते. चंद्रकोर आणि आडवी चिरी यांचेही तसेच: कोरीचे पलीकडचे टोक जवळच्या टोकापेक्षा आखूड दिसते. जिंपमध्ये हे काम `Unified Transform` आणि `Warp Transform` या साधनांनी होते.

रंगाच्या बाबतीत ‘त्वचेशी जुळणारी टिकली’ या बोलण्याने घोळ होतो. त्वचेचा रंग टिकलीत मिसळायचा नसतो. त्वचेवर पडलेला उजेड टिकलीवरही पडला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याच ठिकाणी टिकलीचा लेयर सरसकट `Multiply` वर ठेवतात. त्यात दोन रंगांचा गुणाकार करून २५५ ने भागले जाते. लाल, हिरवा, निळा या क्रमाने टिकलीचा रंग १७०, २८, ४२ असा घेतला आणि खालची त्वचा १९८, १५०, १२० असली, तर उत्तर १३२, १६, २० येते. म्हणजे दाट मरून, आणि ते खपूनही जाते. त्वचा सावळी, १२२, ८४, ६२ असली की तीच टिकली ८१, ९, १० होते, जवळजवळ काळी. खऱ्या टिकलीखालून त्वचा दिसतच नसते. एकाच उजेडात उभ्या असलेल्या गोऱ्या आणि सावळ्या बहिणींच्या कपाळावर एकाच पाकिटातली टिकली सारख्याच लाल रंगाची दिसते. सावळ्या चेहऱ्यासाठी फोटो मुद्दाम उजळ घेतला असेल तर लालही त्या प्रमाणात उजळ होतो. म्हणून टिकली `Normal` वर ठेवावी आणि तिचा रंग फोटोतल्या उजेडावरून ठरवावा.

उजेड कळण्यासाठी फोटोत पांढरे काहीतरी शोधावे: गजरा, ब्लाउजची कड, नाहीतर मागची भिंत. आयड्रॉपर `5 by 5 Average` वर ठेवून त्याचा रंग टिपावा आणि टिकलीच्या लालाला त्याने गुणून २५५ ने भागावे. पिवळ्या दिव्याखाली पांढरे २४५, २१८, १७० आले तर आपला लाल १६३, २४, २८ होतो, फारसा हलत नाही. मोकळ्या सावलीत पांढरे २००, २१५, २४० आले तर १३३, २४, ४० होतो, म्हणजे निस्तेज आणि जांभळट. रात्रीच्या फोटोंतल्या टिकल्या सहज खपतात आणि मांडवाच्या सावलीतल्या डोळ्यांत खुपतात, त्याचे हे कारण. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून मात्र रंग घेऊ नये. तो पांढरा नसतोच.

कपाळावर उजेडाचा उतार असतो, तो टिकलीवरही यायला हवा. त्यासाठी टिकलीखालचा त्वचेचा तुकडा नव्या लेयरवर घ्यावा, त्याचा रंग काढून करडा करावा, `Levels` ने त्याची सरासरी १२८ च्या जवळ आणावी आणि तो टिकलीला क्लिप करून `Soft Light` वर ३० ते ४० टक्के ठेवावा. सरासरी १२८ वर न आणता ठेवला तर उताराऐवजी अख्खी टिकलीच उजळते किंवा गडद होते. हे विसरणारे मग रंग बिघडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून लाल शोधत बसतात.

कडेवरून टिकली आणि कुंकू यांतला फरक ओळखू येतो. पाकिटातल्या मखमली टिकलीला थोडी जाडी असते, त्यामुळे उजेडाच्या विरुद्ध बाजूला केसभर सावली पडते. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका घड्याळातल्या दहाच्या जागी असेल तर सावली उजवीकडे खाली, एक-दोन पिक्सेल, तीही फिकी. कुंकवाला सावली नसते. आधी मेणाचा गोल आणि त्यावर बोटाने दाबलेली पूड, असे ते लावले जाते; मध्ये दाट आणि कडेला विरळ. त्या विरळ कडेखालून त्वचा दिसते, म्हणून `Multiply` ची खरी जागा ही: मधला भाग `Normal`, भोवतीची दोन-तीन पिक्सेलची खरबरीत कड `Multiply`. मधेच दोन-चार कण नाकाच्या कण्यावर सांडलेले दाखवणारा कारागीर आपले काम जाणतो, पण गिऱ्हाईक ते कण हटकून पुसायला लावते. कड किती तीक्ष्ण ठेवायची हे भुवईच्या केसांकडे पाहून ठरते. केस मऊ दिसत असतील आणि टिकली कातरल्यासारखी, तर एखाद्या पिक्सेलचा `Gaussian Blur` आणि फोटोत असेल तेवढाच रवा `Add Noise` ने द्यावा.

कृष्णधवल फोटोत लाल किती गडद असावा हे फोटोच्या वयावर अवलंबून असते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या होत्या, म्हणून त्यांवर कुंकू काळेच येई आणि ओठही गडद दिसत. पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच कुंकू करडे येते. पणजीच्या फोटोत ओठ काळपट असतील तर कुंकूही तितकेच काळे हवे. ओठ त्वचेहून जेमतेम गडद असतील तर काळे कुंकू भोकासारखे दिसते. रंगीत फोटोतही हीच कसोटी उपयोगी पडते: सगळ्यांत वर `Hue/Saturation` चा लेयर घालून `Saturation` -100 करावे आणि चित्र पाव आकाराचे करून पाहावे. नजर आधी डोळ्यांकडे न जाता टिकलीकडे गेली तर तिचा गडदपणा चुकला आहे.

काही फोटोंत हे काम करूच नये. पासपोर्ट आणि इतर ओळखपत्रांचे फोटो असे बदलणे चालत नाही. भिंतीवरच्या फोटोचे प्रकरण वेगळे. नवऱ्यामागे कुंकू पुसलेल्या आईच्या फोटोवर मुली ते परत मागतात, तेव्हा घरातले दुसरे कोणी अडवते आणि स्टुडिओवाला मध्ये सापडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. फोटोच्या बाबतीत रूढ तोडगा साधा आहे: त्या बाईंचा कुंकू लावलेला जुना फोटो घरातून मागवायचा. मग जागा, माप आणि आकार यांवर वाद उरत नाही. काहींचे कुंकू मुळातच मध्यापासून केसभर डावीकडे असते, आणि ते तसेच ठेवावे लागते.