जनरेटिव्ह फिलचा प्रॉम्प्ट

जनरेटिव्ह फिल म्हणजे फोटोतला एक भाग सिलेक्ट करायचा, तिथे काय हवंय ते थोडक्यात टाइप करायचं, यालाच प्रॉम्प्ट म्हणतात, आणि सॉफ्टवेअरने तो भाग आजूबाजूच्या फोटोशी जुळवून नव्याने भरून द्यायचा. हे नाव तसं फोटोशॉपमधल्या सुविधेचं, ती 23 मे 2023 ला बीटामध्ये आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मिळाली, पण आता बोलताना लोक कुठल्याही अ‍ॅपमधल्या असल्या भरण्याला सर्रास हेच म्हणतात. या नोंदीत नवी वस्तू टाकताना प्रॉम्प्ट आणि सिलेक्शन मिळून काय काम करतात आणि पहिल्या फटक्यात जमलं नाही तर पुढच्या फेऱ्यांत काय बदलायचं, एवढंच घेतलंय. लॅसो, मार्की वगैरे टूल चालवता येतात असं धरलंय.

उगम

याची सुरुवात कुठून धरायची यावर दोन मतं आहेत. एक मत मागे 2000 सालापर्यंत जातं, त्या वर्षी बर्तालमिओ, सापिरो आणि त्यांच्या सोबत्यांनी सिगग्राफ या कंप्यूटर ग्राफिक्सच्या परिषदेत फोटोतला खराब भाग कडेच्या रेषा आत ओढत ओढत भरायची पद्धत मांडली, जुन्या फोटोवरचे ओरखडे काढायला ती छान चालायची पण मोठं भोक भरायला घेतलं की सगळं धुरकट व्हायचं. 2007 मध्ये हेज आणि एफ्रॉस यांनी वेगळीच शक्कल लढवली, लाखो फोटोंच्या साठ्यातून जुळणारा तुकडा शोधायचा आणि तो भोकात बसवायचा. मग 2009 चं पॅचमॅच, म्हणजे त्याच फोटोतले जुळणारे तुकडे झटपट शोधायचं तंत्र, आणि 2010 मध्ये फोटोशॉप सीएस5 मधलं कंटेंट-अवेअर फिल, जे आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोवाल्यांनी मांडवातल्या वायरी आणि पाहुण्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पुसायला वर्षानुवर्षं वापरलं. दुसरं मत असं की या सगळ्यात शब्द कुठेच नाहीत, यंत्राला काय हवंय ते सांगायची सोयच नव्हती, त्यामुळे ही फार तर पूर्वपीठिका. या मताप्रमाणे सुरुवात डिसेंबर 2021 च्या ग्लाइड या ओपनएआयच्या शोधनिबंधापासून धरावी, त्यात फोटोतला भाग खोडून त्याजागी काय हवं ते वाक्यात लिहिलेलं दिसतं. एप्रिल 2022 मध्ये शब्दांवरून चित्र काढणारं डॅल-ई 2 आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याच जातीच्या स्टेबल डिफ्यूजनचं खुलं भरण-मॉडेल, हे त्याच वाटेने आले. प्रॉम्प्ट लिहिण्याचा विषय असेल तर दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण पुसणं आणि टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आज बहुतेक चुका होतात त्या टाकण्याला पुसण्यासारखं समजल्यामुळे.

आत काय होतं

स्टेबल डिफ्यूजनच्या भरण-मॉडेलची रचना उघड आहे म्हणून तिच्यावरून सांगतो, फोटोशॉपचं वागणंही साधारण तसंच दिसतं. मॉडेलला तीन गोष्टी मिळतात, सिलेक्ट केलेला भाग कोरा केलेला फोटो, कुठला भाग कोरा आहे त्याचा नकाशा, आणि प्रॉम्प्ट. शिकवतानाही असंच शिकवलेलं असतं, वर्णन असलेले फोटो घ्यायचे, त्यांचा कुठलाही भाग झाकायचा आणि वर्णन वाचून तो भाग परत भरायला लावायचं. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे मॉडेलला हुकूम कळत नाही, वर्णन कळतं. `add a boat here` मधले दोन शब्द फुकट जातात, `wooden rowing boat` पुरतं. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीच्या स्वतःच्या सूचनाही हेच सांगतात. दुसरी गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो: सिलेक्शनच्या आत जे आहे ते मॉडेलच्या दृष्टीने गेलेलं असतं. होडीभोवती सिलेक्शन करून `make this boat bigger` लिहिलं की त्याला 'ही' होडी कुठली हेच माहीत नसतं, तो नवीन होडी काढून देतो आणि आपण म्हणतो ऐकत नाही.

नकारही त्याला झेपत नाही. `no people` लिहिलं की माणसं यायची शक्यता उलट वाढते, कारण वर्णनात माणसं आली ना. नको ते लिहायचं नाही, हवं तेच लिहायचं, म्हणजे `empty boat`.

तलावपाळीचं उदाहरण

ठाण्यात एका सोसायटीला दिवाळी पहाटच्या बॅनरसाठी मासुंदा तलावाचा फोटो हवा होता. मोबाईलवर काढलेला, 4000 बाय 3000 पिक्सेलचा, संध्याकाळ उतरलेली, पलीकडच्या काठावर दिवे लागलेले आणि पुढचं पाणी पूर्ण रिकामं. त्या रिकाम्या पाण्यात एक लाकडी होडी हवी, बाकी काही नाही.

पहिल्या फेरीत सगळं पाणीच सिलेक्ट केलं, जवळपास 3000 पिक्सेल रुंद पट्टा, आणि लिहिलं नुसतं `boat`. आलं काय तर शिडाची होडी, ती पण भलतीकडे, आणि आजूबाजूचं सगळं पाणी बदललेलं, वर गुळगुळीत झालेलं. पाणी मऊ पडायचं कारण सरळ आहे, सुरुवातीच्या आवृत्त्यांत भरलेला तुकडा जास्तीत जास्त 1024 बाय 1024 पिक्सेलचाच बनायचा आणि मोठ्या सिलेक्शनवर तो ताणून बसवला जायचा, इथे जवळजवळ तिप्पट. नंतरच्या मॉडेलांत हे सुधारलंय तरी मोबाईलच्या फोटोत मोठं सिलेक्शन केलं की फरक अजून डोळ्यात येतो. तपासायचं असेल तर झूम 100 टक्क्यांवर नेऊन भरलेल्या आणि मूळ पाण्याच्या लाटा शेजारीशेजारी बघायच्या.

मग सिलेक्शन लहान करायचं, पण किती? इथे अंदाज लागतो तो होडीच्या आकाराचा, आणि त्याला एक जुना चित्रकारांचा हिशोब उपयोगी पडतो. क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. तलावाच्या फोटोत ती पलीकडच्या काठाच्या पाण्याच्या रेघेपेक्षा किंचित वर धरायची. कठड्याजवळ उभं राहून फोटो काढलाय, कॅमेरा पाण्यापासून साधारण अडीच मीटर वर. होडी जिथे हवी तिथून क्षितिजापर्यंत मोजले तर 500 पिक्सेल भरले, म्हणजे त्या जागी अडीच मीटर म्हणजे 500, एक मीटर म्हणजे 200 पिक्सेल. चार मीटरची होडी आडवी हवी तर 800 पिक्सेल लांब. एवढं केलं की होडी खेळण्यातली किंवा लाँचएवढी दिसत नाही, कारण मॉडेल सिलेक्शनचा आकार हा वस्तूच्या मापाचा इशारा धरतं आणि साधारण तेवढी जागा भरतंच.

दुसऱ्या फेरीत होडीच्या अंगाला घट्ट सिलेक्शन, 850 बाय 150, प्रॉम्प्ट `wooden rowing boat`. होडी बरोबर आली, माप बरोबर, पण कापून चिकटवल्यासारखी. खाली सावली नाही, प्रतिबिंब नाही, कारण प्रतिबिंब पडायला जागाच दिली नव्हती, सिलेक्शनबाहेरच्या पिक्सेलला मॉडेल हात लावत नाही. पाण्यातली वस्तू असो, जमिनीवरची खुर्ची असो की भिंतीवर टांगलेला आकाशकंदील, तिची सावली किंवा प्रतिबिंब जिथे पडणार ती जागा सिलेक्शनमध्ये घ्यावीच लागते.

तिसऱ्या फेरीत सिलेक्शन 1000 बाय 500 केलं, होडी वरच्या भागात येईल आणि खाली पाणी उरेल असं. प्रॉम्प्ट असा:

```
empty wooden rowing boat, side view, reflection on calm water
```

तीनपैकी दोन पर्यायांत प्रतिबिंब नीट आलं. उजेड मात्र दुपारचा वाटत होता, होडीची आपल्याकडची बाजू उजळ, आणि फोटोत दिवे तर सगळे मागे. चौथ्या फेरीत शब्दच बदलले, सिलेक्शन तेच ठेवलं:

```
empty wooden rowing boat, side view, backlit at dusk, reflection on calm water
```

आता बाजू काळसर झाली, कडेला दिव्यांची बारीक रेघ आली. एका पर्यायात वल्हं मधेच तुटल्यासारखं होतं पण बाकी होडी झकास, तर पूर्ण होडी परत काढण्यात अर्थ नसतो. फक्त वल्ह्याभोवती छोटं सिलेक्शन आणि प्रॉम्प्ट कोरा ठेवून Generate, म्हणजे ते आजूबाजूच्या पाण्याने भरून जातं. शेवटी एक राहतंच, संध्याकाळच्या मोबाईल फोटोत दाणे असतात आणि भरलेला भाग स्वच्छ असतो, मोठ्या बॅनरवर ते वेगळं उठून दिसतं, म्हणून होडीच्या लेयरवर थोडा नॉइज टाकायचा, पाण्याशी जुळेपर्यंत.

फेरी वाया जातेय की नाही हे कसं कळतं

प्रत्येक वेळी तीन पर्याय येतात ते नुसते निवडायला नसतात, निदान करायला असतात. तीनही एकाच पद्धतीने चुकले तर ते नशीब नाही, प्रॉम्प्ट किंवा सिलेक्शन चुकलंय, परत परत Generate दाबून काही होणार नाही. एक चांगला आणि दोन वाईट आले तर मात्र शब्द बदलू नयेत, तसंच परत दाबावं. चूक मापाची किंवा जागेची असेल तर सिलेक्शन बदलायचं, वस्तूच वेगळी आली तर नाम बदलायचं, उजेड चुकला तर विशेषण. वस्तू आलीच नाही, नुसतं पाणीच भरून आलं, तर बहुतेक वेळा सिलेक्शन वस्तूच्या मानाने फार लहान असतं. शब्द आणि सिलेक्शन दोन्ही एकदम बदलले की कशामुळे सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या फोटोला परत पहिल्यापासून. फोटोशॉपमध्ये प्रत्येक फेरीचा वेगळा लेयर होतो आणि प्रॉम्प्ट त्यात राहतो, तेव्हा जुने लेयर डिलीट करायची घाई करू नये, दोन फेऱ्यांचे चांगले भाग मास्कने जोडता येतात.

सिलेक्शनची कड हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगायचं तर क्विक मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्याऐवजी राखाडी रंग वापरला की मूळ रंग अर्धवट शिल्लक राहतो आणि भरणारं मॉडेल त्याला धरून चालतं. पाण्याचा किंवा भिंतीचा मूळ रंग टिकवायचा असेल तर हे कामाला येतं.

हुकूम समजणारी मॉडेलं

वरचं सगळं वर्णनावर चालणाऱ्या मॉडेलांचं. नोव्हेंबर 2022 च्या इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स या शोधनिबंधापासून दुसरी वाट सुरू झाली, तिथे मॉडेलला मूळ फोटो पूर्ण दिसतो आणि 'होडी लाल कर' असं सांगता येतं. 2025 मध्ये फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि जेमिनी 2.5 फ्लॅश इमेज ही त्या जातीची मॉडेलं फोटोशॉपच्या बीटातही निवडता यायला लागली. तिथे हुकूमच लिहावा लागतो आणि काय बदलू नको तेही सांगावं लागतं, नाहीतर होडीबरोबर मागचे दिवेही थोडे सरकलेले सापडतात. म्हणून आधी कुठलं मॉडेल निवडलंय ते बघायचं, मग प्रॉम्प्ट लिहायचा.

मराठी अक्षरं

फायरफ्लाय या जनरेटिव्ह फिलमागच्या अ‍ॅडोबीच्या मॉडेलमध्ये 2023 च्या जुलैपासून शंभराहून जास्त भाषांत प्रॉम्प्ट टाइप करता येतो, पण फोटोत देवनागरी अक्षरं काढून घेणं ही वेगळी गोष्ट. होडीवर नाव लिहून हवं म्हटलं की बऱ्याचदा जोडाक्षरं मोडतात, शिरोरेघ मधेच तुटते, मात्रा भलत्याच अक्षरावर बसते. बॅनरवरच्या 'शुभ दीपावली'साठी फिल वापरूच नये, टाइप टूलने युनिकोड फॉन्टमध्ये लिहावं. होडीच्या अंगावर नाव हवंच असेल तर होडी कोरी काढायची, नाव वेगळ्या लेयरवर टाइप करायचं आणि वॉर्पने होडीच्या वळणाला बसवायचं.